42 पानांची फाइल, दीड पानाचा सारांश

शेतातल्या बोअरमध्ये सोडलेली पाणबुडी मोटार वॉरंटीच्या मुदतीत बंद पडली की कारखान्यात एक फाइल उघडते. तिच्यात विक्रीचे बिल असते, गॅरंटी कार्ड असते, डीलरचे निरोप असतात, सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकचा पाहणी अहवाल, क्लेम नाकारल्याचे पत्र, त्यावर शेतकऱ्याची हरकत, पुन्हा झालेली तपासणी आणि शेवटी मोटार बदलून दिल्याची किंवा न दिल्याची नोंद असते. असे क्लेम महिन्याला बरेच येतात आणि प्रत्येक फाइल मुळातून वाचायला क्वालिटी मॅनेजरला सवड नसते. म्हणून सर्व्हिस किंवा क्वालिटी विभागातली एखादी व्यक्ती फाइलचा सारांश तयार करते. पुढे त्याच सारांशावरून ठरते, की कारखान्यातल्या वाइंडिंगच्या कामात काही चुकते आहे, की दोष बाहेरच्या विजेचा आहे.

क्वालिटी मॅनेजरला काय हवे असते, ते आधी ठरवावे लागते. हिशेब विभागाला क्लेमचा खर्च किती आणि तो कोणाच्या खाती टाकायचा, एवढे पुरते. सर्व्हिस विभागाला शेतकऱ्याचे पाणी कधी सुरू झाले, ते हवे असते. क्वालिटी मॅनेजरचे प्रश्न वेगळे असतात. नेमके काय मोडले? ते कोणी, कधी आणि कशाने पाहिले? कारण सिद्ध झाले आहे की नुसते मानले गेले आहे? आणि क्लेमचा निर्णय त्या कारणावर झाला की दुसऱ्याच कशावर? यातला शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त निसटतो. क्लेम मंजूर होणे म्हणजे मालात दोष सापडणे नव्हे, आणि क्लेम नामंजूर होणे म्हणजे माल निर्दोष ठरणेही नव्हे. पैशाचा निर्णय आणि बिघाडाचे कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सारांशात त्या एकाच वाक्यात मिसळल्या तर पुढची सगळी आकडेवारी चुकीच्या वाटेने जाते.

हे उलगडण्यासाठी नमुन्याची एक फाइल घेऊ. मोटार साडेसात हॉर्सपॉवरची, थ्री फेज, पाण्याने भरलेल्या प्रकारची. गाव कमी पावसाच्या पट्ट्यातले, बोअर खोल, पिकाला दुसरे पाणी नाही. मोटार सप्टेंबर 2023 मध्ये तयार झाली, 20 ऑक्टोबरला कारखान्यातून निघाली, 14 फेब्रुवारी 2024 ला डीलरने विकली आणि 2 मार्चला बोअरमध्ये उतरली. 18 डिसेंबर 2024 ला शेतकऱ्याने डीलरला फोन केला, की स्टार्टर दाबला की लगेच ट्रिप होतो. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत 42 पाने जमली.

अशी फाइल हाती येते तेव्हा बहुधा ताजा कागद सर्वांत वर असतो. ईमेलच्या छापील प्रतींमध्ये प्रत्येक उत्तराखाली आधीचा सगळा पत्रव्यवहार पुन्हा छापलेला असतो, त्यामुळे एकच पत्र चार-पाच ठिकाणी भेटते. म्हणून पहिले काम सारांश लिहिण्याचे नसते, पाने लावण्याचे असते. खालून वर पेन्सिलने पृष्ठांक घालायचे, दुबार प्रतींवर खूण करायची आणि मूळ कागद किती आहेत ते मोजायचे. या फाइलमध्ये 42 पानांत मूळ कागद 17 निघाले. मग ते घटनेच्या तारखेप्रमाणे मांडायचे, कागद लिहिल्याच्या तारखेप्रमाणे नव्हे. हा फरक बारीक वाटतो, पण त्याने बरेच उलगडते. कारखान्यातली दुसरी तपासणी 16 जानेवारी 2025 ला झाली, तिचा अहवाल टाइप झाला 23 ला आणि क्लेम समितीची बैठक झाली 24 ला. अहवालाचीच तारीख धरली तर तपासणी आणि निर्णय एका दिवसाच्या अंतराने झाले असे वाटेल, आणि मधल्या आठवड्यात मोटारीचे खोललेले भाग कोणाच्या ताब्यात होते हा प्रश्नच कोणाला सुचणार नाही.

तारखा लावतानाच पहिली चूक हाती लागते. क्लेम नाकारणाऱ्या 30 डिसेंबरच्या पत्रात दोन कारणे दिली आहेत: मोटार सिंगल फेजिंगने जळाली आणि वॉरंटीची मुदत संपली. गॅरंटी कार्डावरची अट मात्र अशी आहे, की विक्रीपासून 12 महिने किंवा कारखान्यातून निघाल्यापासून 18 महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. विक्रीपासून मोजले तर मुदत 13 फेब्रुवारी 2025 पर्यंत येते, कारखान्यातून निघाल्यापासून मोजले तर एप्रिल 2025 पर्यंत. तक्रार दोन्हींच्या आत आहे. पत्र लिहिणाऱ्याने 12 महिने मोजले खरे, पण कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून मोजले. सारांशात येथे ‘मुदतीबाबत मतभेद’ असे लिहिणे बरोबर नाही. मतभेद नव्हताच, मोजणी चुकली होती. अट, दोन्ही तारखा आणि हिशेब एका ओळीत दिला की वाचणारा स्वतः पडताळू शकतो.

पुढचा भाग तपासणीच्या नोंदींचा, आणि सगळे कौशल्य तेथे लागते. पहिली पाहणी 27 डिसेंबरला सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकने केली. त्याची नोंद चार ओळींची आहे: एक फेज जळालेली, व्होल्टेज 395, सिंगल फेजिंग, गॅरंटीत बसत नाही. या चार ओळींत चार वेगवेगळ्या जातीची विधाने आहेत. पहिले डोळ्यांनी पाहिलेले आहे, दुसरे मीटरवर मोजलेले, तिसरे अनुमान आणि चौथे निर्णय. मूळ नोंदीत ती एका दमात आली आहेत. सारांशात ती सुटी करावी लागतात.

मोजमाप घेऊ. व्होल्टेज 395 हा आकडा स्टार्टरपाशी घेतलेला आहे, पण तेव्हा मोटार बोअरमधून वर काढलेली होती. मोटार चालू नसताना लाइनवर दिसणारे व्होल्टेज आणि ती पूर्ण भार ओढत असताना उरणारे व्होल्टेज यांत लांब लाइनीच्या शेवटच्या टोकाला बराच फरक पडतो. त्यामुळे या आकड्यावरून वीज ठीक होती असेही म्हणता येत नाही आणि नव्हती असेही नाही. सारांशात आकड्यासोबत ‘मोटार जोडलेली नसताना’ हे तीन शब्द आले नाहीत, तर वाचणारा त्यावर नको तितका भरवसा ठेवेल.

आता अनुमान. थ्री फेज मोटारीची एक फेज गेली आणि मोटार तशीच फिरत राहिली, तर उरलेल्या दोन तारांतून जास्त करंट ओढला जातो आणि वाइंडिंग तापते. कोणता भाग जळेल ते जोडणीवर अवलंबून असते. स्टार जोडणीत दोन फेजची वाइंडिंग जळतात आणि तिसरी शाबूत राहते. डेल्टा जोडणीत उलट होते: उरलेल्या दोन तारांच्या थेट मध्ये आलेल्या एका वाइंडिंगवर सर्वाधिक ताण येतो, ती जळते आणि बाकीच्या दोन बऱ्या राहतात. ही मोटार स्टार-डेल्टा स्टार्टरवर होती, म्हणजे चालताना डेल्टात. त्यामुळे एक फेज जळालेली पाहून मेकॅनिकने सिंगल फेजिंग म्हणणे अडाणीपणाचे नव्हते. त्याला जे ठाऊक होते त्यावरून ते सुसंगतच होते.

पण शेतकऱ्याने 6 जानेवारीच्या पत्रात लिहिले, की पॅनेलमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलेला आहे, तो डीलरनेच दिला होता, आणि मोटार पहिल्या तीन महिन्यांतच आवाज करू लागली होती, तेव्हा त्याने दोनदा फोन केले होते. डीलरने मे 2024 मधल्या त्या दोन फोनना वेगळ्या पत्राने दुजोरा दिला आहे. पॅनेलचा फोटो फाइलमध्ये आहे आणि त्यात प्रिव्हेंटर दिसतो. तो जोडलेला होता की बाजूने तार काढून टाळलेला होता, हे फोटोवरून कळत नाही. शिवाय प्रिव्हेंटर नुसत्या व्होल्टेजवर चालणारा असेल तर फिरती मोटार गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज उभे करते आणि तो फसू शकतो. शेतीच्या लाइनवर दोनच फेज असतानाही कंडेन्सर लावून मोटार चालवण्याचा प्रघात आहे. म्हणजे प्रिव्हेंटर दिसतो एवढ्याने सिंगल फेजिंगची शक्यता मिटत नाही. सारांशात हे दोन्ही बाजूंनी लिहिले पाहिजे. शेतकऱ्याच्या बाजूचा पुरावा म्हणून प्रिव्हेंटरची नोंद येते, आणि त्या पुराव्याची मर्यादाही त्याच ओळीत येते.

कारखान्यातल्या दुसऱ्या तपासणीत मोटार पूर्ण खोलली. पाण्याने भरलेल्या मोटारीच्या वाइंडिंगची तार पीव्हीसीसारख्या प्लॅस्टिकच्या वेष्टनाची असते, कारण ती कायम पाण्यातच राहते. उष्णतेने हे वेष्टन मऊ पडते आणि दबते. सिंगल फेजिंगमध्ये पूर्ण फेज तापते, म्हणून त्या फेजच्या सगळ्या कॉइलचे वेष्टन मऊ पडलेले आणि बसलेले दिसायला हवे. अहवालात नोंदवले आहे ते निराळेच. एका फेजच्या एकाच कॉइलमध्ये, तार खाचेतून बाहेर वळते त्या तोंडाशी, साधारण दोन सेंटिमीटर लांबीचा काळा डाग आणि उघडे पडलेले तांबे होते. त्याच फेजच्या बाकीच्या कॉइलचे वेष्टन कडक, गोल आणि मूळ रंगाचे होते. खाचेच्या कडेला पत्र्याची बारीक कोर उभी राहिलेली बोटाला लागत होती. थ्रस्ट बेअरिंगच्या पॅडवर उष्णतेची खूण नव्हती, म्हणजे मोटार पाण्याविना फिरल्याचे चिन्ह नाही.

या वर्णनातून दिसते ते असे: जळणे एका फेजचे नसून एका ठिकाणचे आहे. तार खाचेत ओढताना किंवा वळवताना कोरीला घासली, वेष्टन पातळ झाले, काही महिने कंपनात घासत राहिले आणि शेवटी पाणी तांब्याला भिडून शॉर्ट झाला, ही शक्यता या खुणांशी जुळते. तरीही सारांश लिहिणाऱ्याने ‘कारण: वाइंडिंगमधील दोष’ असे लिहून मोकळे होऊ नये. अहवालातच तपासणी करणाऱ्या अभियंत्याने ‘असावे’ असा शब्द वापरला आहे. ‘असावे’चे ‘आहे’ करण्याचा अधिकार सारांश लिहिणाऱ्याला नाही.

मराठीत या छटा फार सहज उपलब्ध आहेत आणि सारांशात त्या काटेकोरपणे वापरल्या तर अर्धे काम होते. ‘आढळले’ हे पाहिलेल्यासाठी, ‘म्हणणे आहे’ हे सांगितलेल्यासाठी, ‘असावे’ हे अनुमानासाठी आणि ‘ठरवले’ हे निर्णयासाठी राखून ठेवता येते. घात करते ती कार्यालयीन कर्मणी रचना. ‘पाहणी करण्यात आली’, ‘सिंगल फेजिंग झाल्याचे निदर्शनास आले’, ‘क्लेम नाकारण्यात आला’, या वाक्यांत कर्ता गायब असतो. कोणाच्या निदर्शनास आले? मोटार उघडून की न उघडता? क्वालिटी मॅनेजरला नेमके तेच हवे असते. म्हणून सारांशात प्रत्येक क्रियेला कर्ता आणि तारीख द्यावी लागते. माणसाचे नाव नको असेल तर हुद्दा द्यावा.

आता निर्णय. 24 जानेवारीला क्लेम समितीने नवी मोटार द्यायचे ठरवले. इतिवृत्तात कारण दिले आहे ते असे: डीलरशी संबंध आणि शेतकऱ्याची पिकाची अडचण लक्षात घेऊन सद्भावना म्हणून. क्लेमला सद्भावनेचा कोड लागला. तपासणी अहवालाचा इतिवृत्तात उल्लेख नाही. शेतकऱ्याला मोटार मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. ऐन हंगामात सहा आठवडे पाणी बंद राहणे म्हणजे उभे पीक पणाला लागणे. पण सद्भावनेच्या कोडमुळे हा क्लेम मालातल्या दोषांच्या महिन्याच्या यादीत आलाच नाही. वाइंडिंग विभागापर्यंत बातमी गेली नाही. खाचेच्या कडेची ती कोर इतर मोटारींतही असली, तर कोणीही ती शोधायला निघणार नाही. म्हणून क्वालिटी मॅनेजरसाठी संपूर्ण सारांशातली सर्वांत मोलाची ओळ हीच: निर्णय सद्भावनेवर झाला, कारणावर झाला नाही, आणि कारणाचा प्रश्न अजून उघडा आहे.

या फाइलच्या सारांशाचा मधला परिच्छेद साधारण असा लिहिता येतो:

‘सर्व्हिस मेकॅनिकला 27 डिसेंबरला एक फेज जळालेली आढळली (पान 9), मोटार पूर्ण खोललेली नव्हती, वाइंडिंगचा फोटो नाही. सिंगल फेजिंग हे त्याचे अनुमान. कारखान्याच्या अभियंत्याला 16 जानेवारीला मोटार खोलल्यावर त्याच फेजच्या एकाच कॉइलमध्ये खाचेच्या तोंडाशी शॉर्ट आढळला, बाकी कॉइल चांगल्या (पान 34-36, फोटो 6). तार बसवताना वेष्टनाला इजा झाली असावी, असे त्याचे मत. दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळतात. अनुमाने जुळत नाहीत. समितीने 24 जानेवारीला सद्भावना म्हणून मोटार बदलून दिली (पान 39). कारण ठरवलेले नाही.’

यात विशेषणे नाहीत आणि प्रत्येक विधानाला पान आहे. पृष्ठांक देण्यामागे नुसती शिस्त नसते. मॅनेजरला एखादी ओळ खटकली तर 42 पाने न चाळता तो थेट पान 34 उघडू शकतो. ज्या ओळीला पान देता येत नाही ती बहुधा लिहिणाऱ्याची स्वतःची समजूत असते, आणि ती तेथून काढायची असते.

सारांशाचा शेवटचा भाग फाइलमध्ये काय नाही याचा असतो. हा भाग लिहायला अवघड जातो, कारण कागदात असलेली गोष्ट डोळ्यांसमोर असते आणि नसलेली आठवावी लागते. या फाइलमध्ये मोटार चालू असतानाचे व्होल्टेज आणि करंट यांचे एकही मोजमाप नाही. मे महिन्यातल्या आवाजाच्या तक्रारीवर कोणी काय केले याची नोंद नाही; आवाजाचा शॉर्टशी संबंध होता की नव्हता हे त्यामुळे कळत नाही. 22 डिसेंबरला मोटार बोअरमधून गावच्या मेकॅनिकने काढली, तेव्हा त्याने ती उघडली होती का, हे कोणी विचारलेले नाही. आणि एक गोष्ट पटकन नजरेत न भरणारी: पहिल्या पाहणीच्या हाताने लिहिलेल्या नोंदीत मोटारीच्या सिरियल नंबरचा शेवटून तिसरा अंक 4 आहे, नेमप्लेटच्या फोटोत तो 9 आहे. बहुधा घाईत लिहिलेल्या अक्षराचा घोळ. पण सारांशात दोन्ही नंबर जसेच्या तसे दिले पाहिजेत, कारण त्या नंबरवरूनच मोटार कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत वाइंड झाली ते शोधले जाते. मनाने नंबर दुरुस्त केला आणि तो चुकला, तर शोध दुसऱ्याच बॅचमध्ये सुरू होईल.

काही वेळा सारांश लिहिणाऱ्याला आणखी पुढे जावेसे वाटते: पूर्ण बॅच तपासावी, माल परत बोलवावा. एका मोटारीवरून बॅच सदोष असल्याचे सिद्ध होत नाही. सारांशाने एवढेच म्हणावे, की त्याच पंधरवड्यात वाइंड झालेल्या मोटारींचे आणखी क्लेम आहेत का हे पाहता येईल, आणि सद्भावनेच्या कोडखाली बंद झालेले क्लेमही त्या शोधात धरावेत. ते धरले नाहीत तर शोध अर्धाच होईल, हे या फाइलवरून उघड दिसते.

हा कागद कारखान्याबाहेरही जाऊ शकतो, हे लिहिताना ध्यानात ठेवावे लागते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोटार बदलून दिली तरी बुडालेल्या पिकाच्या भरपाईचा प्रश्न उभा राहू शकतो. त्या वेळी सारांशात ‘शेतकऱ्याने मोटार नीट वापरली नाही’ असे पुराव्याविना लिहिलेले वाक्य शेतकऱ्यावर अन्याय करते आणि कंपनीलाही अडचणीत आणते. तसेच ‘वाइंडिंग सदोष होते’ हे न तपासता लिहिलेले वाक्यही. खोललेली मोटार, विशेषतः ती कॉइल आणि खाचेची कड, लेबल लावून जपून ठेवली आहे का, आणि कोणाकडे, हेही सारांशात असावे. या फाइलमध्ये जुनी मोटार 27 जानेवारीला भंगाराच्या कोठारात पाठवल्याची चिठ्ठी आहे. ती ओळ सारांशाच्या तळाशी राहता कामा नये. क्वालिटी मॅनेजरला त्याच दिवशी फोन करून ती कॉइल परत मागवायची असेल, तर ती पहिल्या तीन ओळींत हवी.

सारांश पूर्ण झाल्यावर ज्याने फाइल पाहिलेली नाही अशा सहकाऱ्याकडे तो दिला जातो. तो मनाला येतील त्या पाच ओळी निवडतो, दिलेली पाने उघडतो आणि मूळ कागदात तेच लिहिले आहे का ते पाहतो. पाचांपैकी एकही ओळ मूळ कागदाशी जुळली नाही, तर उरलेल्या सगळ्या ओळी तशाच तपासल्या जातात, आणि मगच कागद मॅनेजरच्या टेबलावर जातो.